खादाड फिलिनोस आणि लांब भिंती

उन्हाळा, अमावास्येनंतर सहावा दिवस
फिलिनोसचा निरोप आला! दूर सामुद्रधुनीतल्या आरमारातून — आणि मागितलं काय? "आजी, बुडाखालची गादी फाटली, नवी शिवून पाठव." वल्हेकरी झाला तरी लाडोबा तो लाडोबाच. पुढं कुरकुर: आम्हा अथेन्सकरांना रोजची मजुरी तीन ओबोल, शत्रू स्पार्टावाले चार देतात. पर्शियाचा राजपुत्र त्यांची थैली भरतो म्हणे. जमिनीवरचे पैलवान ते, पाण्याला भिणारे — आता परक्याच्या पैशावर नाखवे!

पौर्णिमा
गादी पाठवली. लोकर जरा जास्तच झाली. शेजारची मासेवाली सोसिप्पा म्हणाली, "म्हातारे, पोरगा वल्हवणार की घोरणार?" मी म्हटलं, "तुझे मासे घोरतात, बाई."

अंजिरं संपली, द्राक्षं आली
पहाटे बंदरापासून शहरापर्यंत, लांब भिंतींच्या आतून, रडणं वर चढत आलं. सगळं आरमार गेलं! वाचलेल्या जहाजावरचा एकजण सांगत होता — तळ उघड्या किनाऱ्यावर, जवळ बाजार नाही. रोज सकाळी लढायला रांग लावायची, शत्रू बाहेर येईना, मग सगळे खाण्याच्या शोधात पांगायचे. चार दिवस असंच. पाचव्या दिवशी पांगलेले असतानाच ते आले. पकडलेल्या अथेन्सकरांना मारून टाकलं.
फिलिनोस सगळ्यांत आधी पांगला असणार. भुकेला धीर नाही त्याच्या.
बाप सिसिलीच्या स्वारीत मेला याचा. आता हा.

थंडी. दिवस मोजत नाही.
धान्याची जहाजं त्याच सामुद्रधुनीतून यायची. आता एकही नाही. बाहेर स्पार्टाचं सैन्य, बंदरापुढं त्यांची जहाजं. आज जवाची मूठभर पेज, दोघींत. सोसिप्पा म्हणाली, "स्पार्टाच्या काळ्या रश्श्याला नावं ठेवायचीस ना?" आज वाटीभर मिळाला तर बोट घालून चाटीन.

वसंत
शरण गेलो. बारा जहाजं ठेवायची, बाकी द्यायची. लांब भिंती पाडतायत — बासरीच्या तालावर! बासरीवाल्या पोरी, गळ्यात हार. कोणी ओरडलं, "आजपासून ग्रीस स्वतंत्र!" सोसिप्पा पुटपुटली, "हो का? मग मी नाचू का?"

दुसरा दिवस
दारात फिलिनोस! काखेत माझी गादी, गाल भरलेले. लढाईआधीच पळून स्पार्टाच्या आरमारात गेला होता मेला. "आजी, तिकडं रोज जेवण होतं गं." मारलं, मग मिठी मारली, मग परत मारलं.
हातावर नाणं ठेवलं त्यानं. म्हटलं, स्पार्टाचं असेल. नाही. आमचं अथेन्सचं, घुबड कोरलेलंही नाही. गुडघा टेकलेला, धनुष्यवाला, मुकुट घातलेला — पर्शियाचा राजा.
सत्तावीस वर्षं आम्ही दोन्ही नगरं, अथेन्स आणि स्पार्टा, एकमेकांच्या झिंज्या उपटत होतो. आणि जिंकला हा नाण्यावरचा.
पोराला वाढलं. नाणं पालथं ठेवलं.