सहा चित्रांचा मेसेज

मोबाईलवर, तिघांच्या ग्रुपमध्ये
३ मार्च, सकाळी ७.००

आई-बाबा, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! 💐❤️
चाळीस वर्षं एकाच सायकलवर 🚲 आणि बाबांचा चहा अजूनही उतू जातो ☕😄
तुम्ही दोघं तिथे मजेत आहात, म्हणून मी इथे निर्धास्त आहे. आई, चष्म्याचा नवा नंबर काढलास का? काचा मीच घासून पाठवणार.
दोघांना घट्ट मिठी 🤗
तुमची भिंगरी

४ मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला. मोबाईलवर आलेल्या शुभेच्छांची पोच पोस्टाने देणारा माणूस जगात मी एकटाच असेन, पण तारऑफिसात बत्तीस वर्षं काढलेल्याची खोड अशी जात नाही.

चित्रं मोजली, सहा भरली. आमच्या वेळी शुभेच्छांची ठरलेली वाक्यं असत. आम्ही नुसता आकडा पाठवायचो, पलीकडचा कारकून त्याचं वाक्य करून लिहायचा. लग्न कोणाचंही असो, वाक्य तेच. तुझी चित्रं मला त्याच जातीची वाटली. आयता माल! एवढी शिकलीस, दोन ओळी जास्त लिहिल्या असत्यास तर बोटं झिजली नसती. रागावू नकोस, म्हातारा बोलतो आणि विसरतो.

आईची प्रकृती उत्तम. चष्म्याची घाई नाही. तुझी चष्मे करायच्या लायसन्सची परीक्षा सव्वा महिन्यावर आली आहे, तिकडे लक्ष दे.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझे बाबा

१५ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आयता माल म्हणालात, ते मला लागलं. म्हणून आधी हिशेब देते. तो मेसेज मी चारदा लिहिला. काचा घासायच्या मशीनशेजारी उभी राहून, जेवणाच्या सुट्टीत. पहिल्या खेपेला बावीस चित्रं झाली होती. ओळीने नऊ बदामच. ते बघून एखाद्या दुकानाची जाहिरात वाटली, म्हणून एक ठेवला. पापी घेणारा चेहरा काढून टाकला, कारण तुम्ही लाजून फोन उलटा ठेवला असता. सायकल ठेवली, कारण तुम्ही आईला मागे बसवून ऑफिसपर्यंत न्यायचात. प्रत्येक चित्र ज्या त्या वाक्यापाशीच ठेवलं, शेवटी ढीग केला नाही. मग तुमच्याकडे सात वाजेपर्यंत थांबले. इथे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती.

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. फोनवर विचारलं असतं, पण आई शेजारीच असते.

ग्रुपमध्ये मेसेजवर बोट दाबून ठेवलं की कोणी कधी वाचला ते कळतं. आईने सात वाजून पाच मिनिटांनी उघडला, तुम्ही पावणेआठला. उत्तर आलं आठला, आईच्या फोनवरून. शुभेच्छा पोचल्या. आभार. प्रकृती उत्तम. बाबा, माझ्या आईने जन्मात पूर्णविराम दिलेला नाही! तिचा मेसेज म्हणजे एका दमात भाजी, शेजारीण, माझं वजन आणि शेवटी फोन का नाही केलास. गेले दोन महिने मात्र तिच्या फोनवरून तारा येतात. त्या तुम्ही लिहिता, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. वाटलं, तिला कंटाळा आला असेल. पण चष्म्याचा नंबर मी पाचव्यांदा विचारला आणि पाचव्यांदा तुम्ही तो विषय टाळलात. डोळ्यांचं काही असेल तर ते माझंच काम आहे. मी लहान नाही. मला भीती वाटते आहे, तेव्हा सरळ लिहा.

माया पातळ व्हायला ती काय ताक आहे?
तुमची भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पकडलंस. तार खोटी पाठवणं हा आमच्याकडे नोकरी जाण्याइतका गुन्हा होता आणि मी दोन महिने तेच करतो आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी आईने पेपर उघडला आणि म्हणाली की आज भलत्याच लिपीत छापलाय. मी थट्टेवारी नेली. मग तिने डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून पाहिल्या, त्या तिनेच लिहिलेल्या. त्याही लागेनात. दवाखान्यात फोटो काढला. मेंदूच्या मागच्या बाजूला, डावीकडे, रक्ताची छोटी गुठळी अडकली होती. हातपाय ठणठणीत, बोलणं तर तू ऐकतेसच. उजवीकडचं थोडं कमी दिसतं, दाराची चौकट लागते. आणि वाचता येत नाही. अक्षर दिसतं, पण ते कोणतं ते कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डोळे चांगले आहेत, चष्म्याने काही होणार नाही. गोळ्या चालू आहेत, धोका टळला आहे.

तुला कळवायचं नाही हे आईनेच ठरवलं. परीक्षा सोडून धावत येशील म्हणून. मी कबूल झालो, कारण मलाही तेच हवं होतं.

तीन तारखेला मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर ही फोन घेऊन खुर्चीत बसलेली, एकटीच हसत. मी म्हटलं, आण, वाचून दाखवतो. तिने फोन पदराखाली घेतला. म्हणाली, मला लागलं. फुलं दिलीत, आपली सायकल काढलीय, तुमच्या चहाची टिंगल केलीय आणि शेवटी जवळ घेतलंय. दोन महिन्यांत तिने कोणाच्या मदतीशिवाय वाचलेलं ते पहिलं पत्र. मी आत जाऊन टॉवेल डोळ्यांवर धरून उभा राहिलो. नंतर तुझ्या ओळी वाचून दाखवू लागलो तर तिने ऐकून घेतलं नाही. चष्म्याचं वाक्य तिला अजून माहीत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मी तुला आयता माल म्हणून लिहिलं. सत्य तर झाकायचं होतंच, वर स्वतःला सावरायचं होतं. ते शब्द मी मागे घेतो.

हे पत्र टाकायच्या आधी तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी म्हणाली, टाका पेटीत.

रागावलीस तर कळव, रागही पत्रानेच यावा.
तुझे बाबा

९ एप्रिल

चि. भिंगरी, आईचे गोड पापे,

मी स्वतः लिहिते आहे, घाबरू नकोस, लिहिता येतं मला, हात आपोआप चालतो, फक्त लिहून झालं की ते मला परकं होतं, वर काय लिहिलं हे आता मला विचारशील तर सांगता येणार नाही, त्यामुळे एखादी गोष्ट दोनदा आली तर चालवून घे, तशीही तू मला तेच तेच बोलते म्हणतेस

तुझा फोन आला तेव्हा रडलीस ते बाबांना सांगितलं नाही, त्यांना आधीच अपराध्यासारखं झालंय, दोन दिवस चहा उतू गेला नाही, आता हसू नकोस, परीक्षा दिल्याशिवाय आलीस तर दार उघडणार नाही, हे खरं समज

एक बाई शिकवायला येतात, अक्षरावरून बोट फिरवायचं, हाताला ओळखू येतं ते डोळ्यांना सांगायचं, एकेक अक्षर करत शब्द लावायचा, पहिलीतल्या पोरासारखं, लाज वाटते पण जमतंय, तुझी चित्रं मला एका क्षणात कळतात, पण मला तेवढ्यावर ठेवू नकोस

काल तू मोठ्या अक्षरात एकच शब्द पाठवलास, चित्र नाही काही नाही, बाबा वाचायला आले, त्यांना बाहेर घालवलं, मीच फोनच्या काचेवर बोट फिरवत बसले, वीस मिनिटं लागली, मधे फोन दोनदा बंद पडला आणि पुन्हा पहिल्यापासून, शेवटी लागलं

येते

असंच लागलंय मला, दुसरं काही असलं तर आत्ता सांगू नकोस

तुझी आई