अर्धा गुण

३ जानेवारी २०२६, शनिवार

अक्षताला अर्धा गुण दिला. दोनपैकी अर्धा! तोही सुरुवातीच्या वाक्यासाठी.

नऊ दिवसांवर दहावीची पूर्वपरीक्षा आली आहे आणि ही मुलगी इतिहासाच्या वहीत गोष्टी लिहिते आहे. टीप होती ‘वंचितांचा इतिहास’. पहिली तीन वाक्यं ठीक: ज्या समाजगटांची नोंद इतिहासलेखनात झाली नाही त्यांचा इतिहास, तळातल्या माणसांपासून सुरुवात, लोकपरंपरा हे महत्त्वाचं साधन. आणि मग एकदम — ‘उदाहरणार्थ, माझी पणजी चंपा रणपिसे ही लोणी काळभोरहून १९५६ साली गरोदर असताना धम्मदीक्षेसाठी नागपूरला गेली. तिचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही.’

माझी आई. पेपरात!

मी तांबड्या पेनने दोन्ही वाक्यांवर रेघ मारली. समासात लिहिलं : अवांतर. पुस्तकाबाहेरचे. तीन वाक्यांना दीड तरी द्यायला हवा होता, हे आत्ता लिहिताना कळतंय. रागात हात आखडला.

अक्षता म्हणाली, “आजी, पण हेच तर उदाहरण आहे ना!”

म्हटलं, परीक्षकाला तुझी पणजी माहीत नाही. त्याला मुद्दे हवेत. मी बोर्डाचे पेपर एकवीस वर्षं तपासलेत.

वही मिटून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

४ जानेवारी

सकाळी तिचं पुस्तक वाचायला घेतलं. तीन तासांत संपवलं. आता डोकं फिरलंय.

महायुद्ध कुठे आहे? पहिलं नाही, दुसरं नाही. रशियन राज्यक्रांती नाही, हुकूमशहा नाहीत, संयुक्त राष्ट्रं नाहीत, शीतयुद्ध नाही. निवृत्तीपर्यंत मी दहावीला हेच शिकवत होते. युद्धाची कारणं सहा, परिणाम आठ. पोरं झोपेत सांगायची.

आता नऊ धडे. इतिहासलेखनाच्या दोन परंपरा — पाश्चात्त्य आणि भारतीय. मग उपयोजित इतिहास. मग कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन, आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. खेळ आणि इतिहास! पर्यटन आणि इतिहास! उद्या भेळ आणि इतिहास काढतील.

आणि प्रश्न कसले? चुकीची जोडी ओळखा. संकल्पनाचित्र पूर्ण करा. चौकटी भरा. एकूण चाळीस गुण, त्यात राज्यशास्त्रही. दोन तासांत हुश्श!

साईनाथला म्हटलं, अरे, तुझ्या मुलीला हिरोशिमा कुठल्या साली ते विचार. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, “आई, ते आता बारावीला आहे. आर्ट्सला.” म्हणजे सायन्सवाल्यांनी जगात काय झालं ते कळून घ्यायचंच नाही!

“हे पुस्तक २०१८ पासूनच आहे,” हेही त्यानेच सांगितलं. “तू २०१४ ला रिटायर झालीस. आठ वर्षं झाली बदलून, तुला आज राग येतोय?”

हो. आज येतोय. आज वाचलं.

५ जानेवारी

अक्षता वही दाखवत नाही. सून शर्मिला म्हणाली, “आई, परीक्षा होईपर्यंत जरा राहू द्या.” राहू दिलं.

१२ जानेवारी

इतिहासाचा पेपर झाला. “कसा गेला?” “ठीक.” जेवली नाही नीट.

२२ जानेवारी

चाळीसपैकी तेवीस! गणितात नव्वदच्या वर असणाऱ्या मुलीला इतिहासात तेवीस. आणि आजी इतिहासाची शिक्षिका!

उत्तरपत्रिका मागितली. टिपांच्या प्रश्नात तीनपैकी दोन सोडवायच्या होत्या. त्यात ‘वंचितांचा इतिहास’ आली होती. तीच हिने सोडून दिली! दुसऱ्या दोन कशाबशा लिहिल्या, त्यात चारपैकी एक.

“जी येत होती ती का नाही लिहिलीस?”

“तू अर्धाच गुण दिलास ना,” ती म्हणाली. शांतपणे. “मला वाटलं, मला ती येतच नाही. मग पुढचं सगळंच चुकतंय असं वाटायला लागलं.”

मी उत्तरपत्रिका मिटली. पण संताप झाला. तिच्यावर नाही, शिकवणाऱ्यावर. मुलांना असं मोकाट लिहायला शिकवायचं आणि मग गोंधळात टाकायचं. उद्या शाळेत जाणार.

२३ जानेवारी

गेले. शनिवार पेठेतली शाळा, आमच्या वेळी असायचा तसाच जिना, वास तोच, फक्त खडू गेलेत. इतिहासाचे सर ऋषी, वय तिशीच्या आत. मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. तेवढं बरं वाटलं.

म्हटलं, “आपण मुलांना घरच्या गोष्टी पेपरात लिहायला सांगता?”

“सांगतो,” ते म्हणाले. “पण मुद्द्यांनंतर. मुद्दे आधी पूर्ण हवेत.”

अक्षताकडून वही मागून नेली होती, तीतली टीप पुढे केली. माझ्या रेघांसकट. त्यांनी वाचली. म्हणाले, “मी दोनपैकी दोन दिले असते. संकल्पना सांगितली आहे, साधन सांगितलं आहे, आणि उदाहरण लागू पडतं. उदाहरण स्वतःचं आहे म्हणून गुण कापत नाही कोणी. आता पाठांतर तपासायचं नसतं, मॅडम. मुलाला कळलंय का ते बघायचं असतं.”

“आणि महायुद्ध? ते न कळता कळतं का काही?”

“ते राहून जातं,” ते लगेच म्हणाले. “मलाही खटकतं. मी दोन तास चोरून शिकवतो.” मला भांडायचं होतं आणि हा माणूस भांडू देईना!

मग म्हणाले, “ही टीप कुणी तपासली? फार कडक परीक्षक दिसतात.”

मी म्हटलं, “मी.”

त्यांनी वही मिटून माझ्यापुढे ठेवली. मग त्यांनी सांगितलं — दिवाळीनंतर त्यांनी मुलांना उपक्रम दिला होता : घराण्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची मुलाखत घ्या. कोण बोलतंय, त्याचं वय तेव्हा किती होतं, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, हे लिहा. अक्षताने माझ्या थोरल्या भावाची, पोपटदादाची घेतली. वर्गात वाचून दाखवली. “सगळा वर्ग गप्प होता, मॅडम. तिने घरी सांगितलं नाही?”

नाही सांगितलं. मला तरी नाही.

रिक्षात बसले आणि राग कुणावर काढावा ते कळेना. एकवीस वर्षं. किती वेळा लिहिलं असेल मी ‘अवांतर’? आमचे आजोबा गिरणीत होते — अवांतर. आमच्या गावची विहीर आम्हाला बंद होती — अवांतर. असली वाक्यं यायची. दरवर्षी दोन-चार तरी. मी रेघ मारायचे आणि पुढची उत्तरपत्रिका घ्यायचे. नियमाप्रमाणेच! शिवाय स्टाफरूममध्ये माझ्याकडे बघून कुणी ‘यांच्यासमोर जरा सांभाळूनच बोला’ असं म्हणू नये, म्हणून मी सगळ्यांपेक्षा काटेकोर. माझ्या तासाला पुस्तकाबाहेरचा शब्द नाही. माझ्या घराचा तर नाहीच.

आणि आईला मी कधी एक प्रश्न विचारला नाही. इतिहासाची बाई!

२५ जानेवारी, रविवार

स्वारगेटहून बस धरून लोणीला गेले. पोपटदादा शहात्तर वर्षांचा, कान चांगले, गुडघे गेलेले. ओसरीत खाटेवर बसला होता.

म्हटलं, दादा, आईचं नागपूरचं सगळं नीट सांग. तू पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. (ऋषी सरांचे प्रश्न चोरले.)

त्याने दुखरा गुडघा सरळ केला. मग म्हणाला, “प्रेमे, आय नागपूरला गेलीच नव्हती.”

“काय?”

“तू पोटात. दिवस भरत आलेले. दादा गेले, आळीतली मंडळी गेली. आय न्हाई गेली. मी सात वर्षांचा, मी घरीच हुतो. मी पाहिलेलं हाय ते सांगतो.” आमच्या वडलांना आम्ही दादाच म्हणायचो.

दसऱ्याच्या त्या दिवशी आईने घरातले सगळे देव टोपलीत घातले, पोपटदादाचं बोट धरलं आणि नदीवर गेली. वाटेत गावातल्या बायका हाका मारत होत्या — भरल्या दिवसांची बाई, कुठं निघालीस? एक जण रडली. एकीने शाप दिला. आईने टोपली मुळा-मुठेत सोडली, हात धुतले आणि परत येऊन भाकरी थापल्या. गावात तेव्हा आमच्या आळीतला एक बाप्या नव्हता पाठीशी. सगळे नागपूरला. मी सोळा दिवसांनी झाले.

एकटी. गावात. पोटात मी.

“मग अक्षताला नागपूर का सांगितलंस?” मी ओरडलेच. “पोरगी ते परीक्षेत लिहिणार होती! खोटं!”

“सगळे तसंच म्हणत्यात,” तो म्हणाला. “नागपूर म्हणलं की लोकांना कळतं. नदीवर गेली म्हणलं तर कोण इचारतंय?”

“सगळे म्हणजे कोण?”

“जाऊ दे गं. च्या घे.”

नाही घेतला. चिडून निघाले. याहून मोठी गोष्ट हातात असताना ती टाकून या माणसाने पुस्तकातली गोष्ट आईला चिकटवली!

२६ जानेवारी

अक्षताला सगळं सांगितलं. आधी माफी मागितली. मला ते जमत नाही, त्यामुळे फार वाईट प्रकारे मागितली. मी तिला म्हणाले, तुझ्या उत्तराचे मी चुकीच्या कारणासाठी गुण कापले, आणि त्यातली माहितीही चुकीची निघाली.

मला वाटलं रडेल. ती पेन घेऊन बसली! “आजी, मग मूळ कोण? पोपटआजोबांनी कुणाकडून ऐकलं? सर म्हणतात, खोटी माहितीसुद्धा कुठून तरी सुरू होते, ते शोधायचं.”

म्हटलं, शोध. भावकीत कुणीतरी फुशारकी मारली असणार. सापडला की मला सांग, मी बघते त्याच्याकडे.

तिने दिवसभर फोन केले. साईनाथ, लोणीची वहिनी, हडपसरची मावसबहीण, सगळे.

२७ जानेवारी

अक्षताने कागद दाखवला. नावांवरून बाण काढत गेली होती. सगळे बाण एकाच जागी येऊन थांबले : १९९१, जन्मशताब्दीची सभा, लोणीचा विहार, वक्त्या प्रेमला रणपिसे. लोणीत माझं माहेरचंच नाव चालतं.

मला आठवत नाही, असं लिहिणार होते. आठवतं. आधीच्या वक्त्याला टाळ्या पडल्या होत्या. आईला न विचारताच मी म्हणाले, माझी आई मला पोटात घेऊन नागपूरला गेली. टाळ्या थांबेनात.

आई पहिल्या रांगेत बसली होती. माझ्याकडे बघत होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.