जाळ्याचं दुसरं टोक

चामोर्शी, १८ ऑगस्ट २०२५

मोठे बाबा,

दामिनीचा नमस्कार. पाकीट फोडलंत म्हणजे अर्धं काम झालं. फोन तर तुम्ही माझं नाव दिसलं की कापता, म्हणून पत्र. वडशाला पुनमताईच्या सासरी गुडघा बरा आहे ना? तिथल्या डॉक्टरचं तेल लावता की नुसतं उशाशी ठेवता? इकडे बाबांचा खोकला गेला. तलाव सांडव्यापर्यंत भरलाय.

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. आपल्या मच्छीमार सोसायटीत लिपिक म्हणून मला घेतलं तेव्हा ढिवरांच्या पोरीला कागद जमणार नाहीत म्हणणारे तुमच्याच ओट्यावर बसायचे. तलावात रोहू-कटला माशांचं बीज सोडायची योजना मी आणली, अर्ज मी भरले, मंजुरी मी मिळवली. त्याची मला आजही लाज नाही. तुम्ही सभेत म्हणालात, "पोरी, बीज सोडाच्या आधी आमाले विचारून घे." मी म्हटलं, सगळं फॉर्ममध्ये लिहिलंय. तुम्ही उठून गेलात ते थेट वडशाला.

बीज मेलं हे तुम्हाला कळलंच असेल. कसं मेलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

सव्वीस जुलैला पिशव्या सकाळी नऊला आल्या. ऑक्सिजन भरलेल्या, फुगलेल्या. बीज सोडायच्या कार्यक्रमाचे पाहुणे दहाला येणार होते, ते साडेबाराला आले. तोवर पिशव्या तलावाच्या पारीवर, पत्र्याच्या मांडवाखाली. आपल्या सोसायटीतली बायनाबाई दोनदा म्हणाली, "बाई, पिशव्या पह्यले पान्यात ठेव. आतलं पानी तलावाच्या पान्याइतकं थंड होऊ दे." मी तिला गप्प केलं. फोटोत पाहुण्यांच्या हातात कोरड्या पिशव्या हव्या होत्या. मग भर उन्हात गाठी सोडल्या आणि सगळं एकदम ओतलं. दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटं तरंगत होती. वाचलं ते मरळ माशांनी खाल्लं असणार, कारण बीज सोडायच्या आधी मरळ काढायच्या असतात हेही मी विचारलं नव्हतं.

आणि रजिस्टरला मी लिहिलं, 'बीज सुस्थितीत सोडले.' तीन आठवडे ते पान उघडायची हिंमत झाली नाही. या हिवाळ्यात जाळ्यात काही लागणार नाही, हे माहीत असून बायकांना मी "होईल, होईल" म्हणत राहिले.

शेवटी मत्स्यबीज केंद्रातल्या प्रफुलला फोन केला. म्हटलं, "बीज खराब होतं, काही उपाय सांगा." तो म्हणाला, "पिशव्या किती वेळ पान्यात ठेवल्या? सोडलं किती वाजता? मरळ काढली होती का?" मी म्हटलं, ते जाऊ द्या, उपाय सांगा. "मंग मी काय सांगू? तू मले मदत नाई, दिलासा मागून राह्यली." फार राग आला. पण फोन ठेवला आणि एका कागदावर मला काय माहीत आहे ते लिहिलं, खाली काय माहीत नाही ते लिहिलं. खालची यादी लांब निघाली. तो कागद घेऊन बायनाबाईकडे गेले. म्हटलं, त्या दिवशी तू बरोबर होतीस, आता पुढचं सांग. तिने आधी यथेच्छ शिव्या दिल्या, मग पाट दिला.

तिच्या आणि प्रफुलच्या सांगण्यावरून आता ठरलंय ते असं. आधी मरळ काढायच्या. नवं बीज सकाळी लवकर आणायचं, पिशव्या वीस मिनिटं तलावात तरंगत ठेवायच्या, मग तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं आणि पिल्लं आपली आपण बाहेर जाऊ द्यायची. त्यातली शंभर बारीक जाळीच्या पिंजऱ्यात दिवसभर ठेवून किती जगतात ते पाहायचं. सांडव्याला जाळी लावायची. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बीज मिळेल. पण रविवारी आमसभा आहे, आणि सभेने नाही म्हटलं तर तलाव वर्षभर रिकामा.

त्या सभेत रजिस्टरची ती ओळ मीच वाचून खोडणार आहे. कोणी हसलं तर हसू दे, मी खुर्चीवरून उठणार नाही.

तुमच्याकडे दोनच गोष्टी मागते. मरळ कोणत्या अंगाला दडतात ते तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही, ते दाखवा. आणि तुमचं मोठं जाळं शनिवारी सकाळी सहाला पारीवर आणा. माझी बाजू घेऊन सभेत बोला असं म्हणत नाही, तिथे माझं मी पाहीन.

नाही आलात तरी मी पाण्यात उतरणार. एक टोक मी धरीन. पण मोठे बाबा, एकट्याने जाळं ओढता येत नाही, हे मला फॉर्ममध्ये कुठे सापडलं नाही.

तुमची पुतणी,
दामिनी
लिपिक (रविवारपर्यंत तरी)