ठेंगीला मोठ्या शाळेत रुळवताना

१५ जून, रविवार
उद्यापासून बहीण मोठ्या शाळेत. सहावीत. मी आठवीत, म्हणजे तिथला मुरलेला माणूस. आई म्हणाली, जरा बघ रे तिच्याकडे. बघेन, पण लांबून. प्राथमिकवाल्यांना चिकटू दिलं की आपली पत जाते. ठेंगी (हे नाव मीच पाडलं) जुन्या शाळेत पहिलीतल्या पोरांना रांगेने वर्गात न्यायची. स्वतःला मुख्याध्यापिका समजते. उतरेल ती मिजास.

१६ जून
उतरली. गेटवर बजावलं की मला हाक मारायची नाही. तिने विचारलं, प्रयोगशाळा कुठे आहे. म्हटलं, स्वतः शोधलं की माणूस घडतो. ती घडत घडत आमच्याच वर्गात शिरली. सगळे फिदीफिदी हसले. सगळ्यात मोठ्याने मी. शिस्त लागते.

१९ जून
दप्तर तिच्याहून जड. वेळापत्रक कळत नाही म्हणून सगळ्या विषयांचं सगळं वाहते. गाढव. जुन्या शाळेत एकच बाई, एकच वर्ग. कोणाचं काय बिनसलंय ते बाईंना चेहऱ्यावरून कळायचं. इथे प्रत्येक तासाला नवी खोली, नवे शिक्षक. गणिताच्या सरांना पेन्सिल चालत नाही, विज्ञानाच्या बाईंना पेन. गृहपाठ कोण किती देतंय याचा एकमेकांना पत्ता नाही. रात्री रडवेली होऊन म्हणाली, हे कोणाला सांगायचं? म्हटलं, कोणालाच नाही. मला कोणी विचारलं होतं?

२४ जून
तिची जिवलग मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली आणि आता नव्या मुलींच्या घोळक्यात फिरते. हिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करते. म्हणून ही घरी उशीत तोंड खुपसून पडलेली. मैत्री वगैरे बालिश प्रकार. मी जिन्याखाली एकटाच डबा खातो. स्वखुशीने. गर्दीत विचार करता येत नाही.

३० जून, सोमवार
सकाळी पोट दुखतं. शनिवार-रविवार ठणठणीत. नौटंकी. आईला मात्र वेगळंच दिसलं: पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते. शाळेच्या टॉयलेटमध्ये मोठ्या मुली आरशासमोर उभ्या राहून येणारीला टोमणे मारतात, म्हणून ठेंगी दिवसभर पाणीच पीत नाही. भित्री भागूबाई. (मी तिसऱ्या मजल्यावरचं वापरतो. लांब पडतं, पण हवा चांगली.)

४ जुलै
गणितात वीसपैकी सात. ही म्हणे पहिली यायची. बाबा भडकले. ती एवढंच म्हणाली की मला आता काहीच येत नाही. मी बाबांना सुचवलं, मोबाईल बंद करा. तिच्याकडे मोबाईल नाही. माझा बंद झाला.

८ जुलै
आई तिच्या वर्गशिक्षिकांना भेटून आली. माझा सल्ला न घेता. बाई म्हणाल्या, शाळा बदलल्यावर मार्क घसरतात, त्याचा अर्थ हुशारी गेली असा नाही, तेव्हा ओरडू नका. रोज संध्याकाळी शेजारी बसून फक्त उद्याचं दप्तर भरून घ्या. गृहपाठाचं आणि टॉयलेटचं मी बघते. शिवाय तिला मधल्या सुट्टीत आणखी दोन मुलींबरोबर व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम दिलंय. कुंड्या. काय पण इलाज.

१८ जुलै
पोट दुखायचं थांबलं. माझ्या कडक धोरणाचं फळ. आज तिघी खिदळत टॉयलेटकडे जाताना दिसल्या. गणित अजून कच्चंच आहे, पण सरांना शंका विचारली म्हणे. माझ्यासमोरून गेली आणि हाक मारली नाही. सांगितल्याप्रमाणे वागते. बरं वाटायला हवं होतं.

२२ जुलै
ठेंगी बादली घेऊन जिन्याखाली आली. मी घाईघाईने सांगितलं की आज सहजच इथे बसलोय. ती म्हणाली, पहिल्या आठवड्यापासून बघतेय. मग घरी का नाही बोललीस, म्हटलं. म्हणाली, मला वाटलं, कोणी बघितलेलं तुला आवडणार नाही.
मी डबा बंद केला. भूक नव्हती.

२३ जुलै
आज परत आली. म्हणाली, बादली जड होते, बाईंना विचारलंय, तू चल. मी आठवीतला. सहावीच्या पोरींबरोबर कुंड्यांना पाणी घालणार? शक्यच नाही.
बादली खरंच जड होती. नंतर पायऱ्यांवर चौघांनी डबे उघडले. मी भिंतीकडे बघत जेवत होतो. एकीने हळूच विचारलं, हा दादा बोलत नाही का?
ठेंगी म्हणाली, बोलतो गं. नवीन आहे ना, रुळेल हळूहळू.