टाचलेली शेवटची पानं

प्रिय आई,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार. तेल लावतेस ना? इंदूरला मी मजेत आहे, ऑफिसही बढिया चाललंय.

तुझ्या लाडक्या शिवांगीच्या कादंबरीचं परीक्षण इथल्या वाचनालयाच्या मासिकासाठी मीच लिहिलं. शाळेत आम्ही एका वर्गात होतो तेव्हापासून तुला तिचंच कौतुक! म्हणून मुद्दाम शेवटासकट सगळी गोष्ट सांगून टाकली. संपादक लक्ष्मीकांतजींनी ते परत केलं. म्हणाले, "बेटा, गोष्ट लोक वाचतील. ती कशी सांगितलीय ते लिही ना."

मग पुन्हा वाचावी लागली. लिहिलं: विषय दोन बहिणींचा अबोला. वाक्यं छोटी, संवाद अर्ध्यावर सोडलेले. भांडण कुठेच दाखवलेलं नाही, तरी दोघी जेवायला बसल्या की प्रत्येक पंगतीत ते जाणवतं. मधला भाग रेंगाळतो, हे लिहिताना फार बरं वाटलं. पण खरंच रेंगाळतो हं, उदाहरण दिलंय.

सोबत पुस्तक पाठवतेय. तू आधी शेवट वाचतेस, म्हणून शेवटची पानं पिनांनी टाचलीत. तिथे मी रडले, हे शिवांगीला सांगू नकोस.

आणि वाचून झाल्यावर तिच्या आधी मला फोन कर.

तुझीच,
मिताली