पोस्टमधून काढलेला परिच्छेद

प्रिय चिमणे,

तुझा मेसेज आला तेव्हा मी वृद्धाश्रमाच्या कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. 'ताई, तुझी पोस्ट वाचली, सगळ्या शंका फिटल्या, एक तारखेला राजीनामा देते.' आणि शेवटी, 'तू आहेसच तिकडे, मग मला कसली भीती?' चादर अर्धी हातात धरून मी तिथल्या स्टुलावर बसकण मारली. लगेच फोन करणार होते, पण आपल्याकडे फोन आला की आई तो स्पीकरवर टाकते, शेजारच्या काकूंना हाक मारते, आणि मग माझा आवाज आपोआप बातम्या देणारीसारखा होतो. मजेत आहे, थंडी आहे थोडी, जेवण झालं. म्हणून ही मेल. एकटी असताना वाच, आणि राजीनामा द्यायच्या आधी वाच.

ती पोस्ट तुला पटली, कारण तो माझा पहिला खर्डा नाही. ती कशी तयार झाली ते आधी सांगते. आपल्याला ट्रेनिंगला असलेल्या मेट्रनबाई निवृत्तीनंतर परदेशी जाणाऱ्या नर्सेसचा तो ग्रुप चालवतात, हे तुला माहीत आहेच. कुणाचंही लिखाण त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथे पडत नाही. वय झालं तरी बाईंची नजर काही मऊ झालेली नाही.

पहिला खर्डा मी संतापून लिहिला. त्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर एका आजोबांना दरदरून घाम फुटला होता, बोलणं अडखळत होतं. साखर उतरली आहे हे तुलाही दारातूनच कळलं असतं. मी मशीन आणून बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि त्यांना फळांचा रस पाजला. आजोबा सावरले. मला मात्र पर्यवेक्षक बाईंनी खोलीत बोलावून लेखी ताकीद दिली. इथली नोंदणी होईपर्यंत मी नर्स नाही, मदतनीस आहे, आणि मदतनिसाने सुई टोचायची नाही. एवढी वर्षं वॉर्डची इन्चार्ज होते मी! घरी येऊन लिहायला बसले आणि नुसती आग ओकली. इथे माणसाला किंमत नाही, कोणीच काही सांगत नाही, सगळे फसवतात, आपल्या डिग्रीची रद्दी करतात, येऊ नका गं बायांनो.

बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये 'पेशंट फार त्रास देतो' असं लिहिलंस की मी काय करायचे?"

तो कागद फाडून टाकायच्या, आपल्या देखत. पेशंटने काय केलं, तू काय पाहिलंस, तू काय केलंस, त्याने काय फरक पडला आणि पुढच्या ड्युटीवालीने कशावर लक्ष ठेवायचं, एवढंच लिही म्हणायच्या. म्हणाल्या, हेही तसंच लिही. तुझ्यानंतर येणारी मुलगी ही पुढच्या ड्युटीवाली आहे. तिला तुझा राग घेऊन काय करायचंय?

मग मी सूड उगवल्यासारखा दुसरा खर्डा लिहिला. सगळं गोड. स्वच्छ रस्ते, शिस्त, शिकायला खूप मिळतं, धीर धरला की सगळं होतं. बाई म्हणाल्या, हा तर पहिल्यापेक्षा वाईट. तो वाचून एखादी घाबरून घरी बसली असती, हा वाचून एखादी चांगली नोकरी सोडेल. चिमणे, तेव्हा मला तुझी आठवणसुद्धा झाली नाही.

तिसऱ्या वेळी त्यांनी मला एकेका वाक्याजवळ बसवलं. रविवारी दुपारी फोन कानाला, आणि जिथे जिथे मी 'कोणीच', 'नेहमी', 'सगळे' लिहिलं होतं तिथे तिथे थांबायचं. 'कोणीच सांगत नाही' म्हणजे कोणी? तू कुणाला विचारलं होतंस? खरं तर मी नोंदणीच्या कार्यालयाला विचारलंच नव्हतं, एजंटला विचारलं होतं. 'फसवतात' म्हणजे काय झालं? झालं असं, की माझ्या मार्कशीटचं भाषांतर मी आपल्या ओळखीच्या माणसाकडून करून घेतलं, आणि इथलं कार्यालय फक्त त्यांच्या यादीतल्या भाषांतरकाराचंच मानतं. अर्ज परत आला, सगळं पुन्हा, आणि मी रांगेत शेवटी. शिवाय कॉलेजने कागद पाकीटबंद करून थेट कार्यालयाला पाठवायचे असतात, मी ते ऐटीत बॅगेतून आणले होते. आता ते वाक्य 'निघण्याआधी यादी बघा, कॉलेजकडून कागद थेट पाठवा' असं झालंय. वाचायला किती साधं वाटतं ना? माझे हिवाळ्याचे सगळे महिने त्यात गेले आहेत.

घराचंही तसंच. मी लिहिलं होतं, परक्या माणसाला इथे कोणी खोली देत नाही. बाई म्हणाल्या, तू आत्ता रस्त्यावर बसून बोलते आहेस का? खोली मिळाली, पण आधी चक्रात अडकले होते. घरमालक बँकेचं खातं मागतो आणि बँक घराचा पत्ता मागते. शेवटी वृद्धाश्रमाच्या कचेरीने पत्र दिलं, तेवढ्यावर एका बँकेने खातं उघडलं. आता पोस्टमध्ये तेच आहे, पहिल्याच दिवशी असं पत्र मागून घ्या. दुसरी बँक ते मानेल की नाही मला माहीत नाही, हेसुद्धा बाईंनी लिहायला लावलं. आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून लिहायचं, कुठल्या महिन्यातली गोष्ट ते लिहायचं, कारण नियम बदलतात, आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून वेगळी ठेवायची. वृद्धाश्रमाचं नाव नाही, आजोबांचं वर्णन नाही, पर्यवेक्षक बाईंबद्दल तर एक विशेषणही नाही.

त्या सुई टोचण्याच्या प्रसंगावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी 'अपमान करतात' असं लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, तुझ्या वॉर्डमध्ये एखाद्या मावशीने न विचारता इंजेक्शन टोचलं असतं तर तू काय केलं असतंस? मीही तेच केलं असतं, कदाचित मोठ्याने. तेव्हा आता पोस्टमध्ये असं आहे की नोंदणीपर्यंत आपलं काम अंघोळ, जेवण, चालवणं, अंथरूण एवढंच. काही दिसलं तर घंटा वाजवून नर्सला बोलवायचं, आणि अशा वेळी आपण नेमकं काय करू शकतो ते रुजू होतानाच लेखी विचारून घ्यायचं. त्याखाली मी स्वतःहून घातलं की हे पाळणं जड जातं. त्या वाक्याला बाईंनी हात लावला नाही. म्हणाल्या, हे खरं आहे आणि तिला आधी माहीत असलेलं बरं.

शेवटी त्यांनी विचारलं, चांगलं काहीच झालं नाही का? मी फणकाऱ्याने नाही म्हणणार होते. पण कपडे धुणाऱ्या बाईने पहिल्या बर्फात तिचे जुने बूट मला दिले होते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. तिने माझ्या ओल्या चपलांकडे बोट दाखवलं, कपाळावर हात मारला आणि बूट पुढे केले. दोन्ही खर्ड्यांत ती नव्हती, कारण एकात फक्त राग मावत होता आणि दुसऱ्यात जाहिरात. आता पोस्टमध्ये लिहिलंय की बर्फात चालतील असे बूट आधी घ्या, आणि कोणी मदत देऊ केली तर संकोच करू नका. तर अशी ती पोस्ट. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, तू बिनधास्त विश्वास ठेव. त्या यादीतल्या भाषांतरकाराचा पत्ता तुला हवा असेल तर तोही देईन.

पण मी बाईंना पाठवलेल्या तिसऱ्या खर्ड्यात शेवटी आणखी एक परिच्छेद होता. तो त्यांनी काढला. मग म्हणाल्या, "बाळा, हा पोस्टचा नाही. वाचणारीला याचा उपयोग नाही. हा घरच्या कुणाला तरी पाठव." बाळा म्हणाल्या गं मला. ट्रेनिंगमध्ये कधी आडनावाशिवाय हाक मारली होती का त्यांनी?

मी तो पाठवला नाही. कारण पाठवायचा कुणाला? आई साऱ्या गल्लीत सांगून बसलीय की थोरली परदेशात नर्स आहे. मला निरोप द्यायला किती माणसं आली होती आठव. काकांनी भाषण केलं होतं. आणि तू तर माझ्या पावलावर पाऊल टाकायला निघाली आहेस. मी रोज स्वतःला सांगत होते की नोंदणी झाली की बरं वाटेल. ती गेल्या आठवड्यात झाली. होय, झाली, आणि मी घरी कळवलं नाही. पत्र उघडलं, वाचलं, आणि मला आनंद झाला नाही. अजिबात नाही. ते टेबलावर ठेवून मी परत अंथरुणात शिरले. तेव्हा कळलं की ज्या ज्या अडचणीला मी 'असं करा' लिहू शकले, त्या सगळ्या सुटल्या आणि तरीही सकाळी उठताना मला रडू येतं. सिंकपाशी उभ्यानेच जेवते. सुट्टीच्या दिवशी दिवसभर तोंडातून एक शब्द निघत नाही, संध्याकाळी स्वतःशीच काहीतरी बोलून बघते, आवाज आहे ना म्हणून. परवा रस्ता ओलांडताना गाडी आली आणि मला बाजूला व्हायची घाई वाटली नाही. चिमणे, मी नर्स आहे, याचा अर्थ मला कळतो. घाबरू नकोस. मी इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि बाईंनाही सांगितलंय. त्या रोज सकाळी फोन करतात आणि मी उचलेपर्यंत करत राहतात.

आता तो परिच्छेद तुझ्यासाठी लिहिते, मुळात दोनच वाक्यांचा होता. मला इथे राहायचं नाही. मला परत यायचं आहे. पोस्ट वाचून तू ठरवलंस ते चुकीचं नाही, तुला हे जमेल, माझ्यापेक्षा तुझा स्वभाव मोकळा आहे. यायचं असेल तर ये, पण मी इथे आहे या भरवशावर राजीनामा देऊ नकोस, कारण तू उतरशील तेव्हा मी इथे नसेन. माझी तिथली नोकरी गेली, काकांच्या भाषणाचं काय करायचं ते मला माहीत नाही, आईला काय सांगायचं तेही नाही. आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत तू आणि तुझा नवरा राहता, ती आता तुमची आहे, मी स्वयंपाकघरात निजेन. हे एवढं सगळं मी एक गोष्ट विचारायला लिहिलं, आणि अजूनही विचारायला जीभ रेटत नाही. मी आले तर चालेल का गं? हो असेल तर स्पीकर बंद करून मला फोन कर.

तुझीच,
ताई