बाजारातली सावलीची जागा

तात्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही जात नाही. आई अजून तुमच्या फोटोला स्वतःच्या हातानं हार घालत नाही. सणावाराला हार आणते, माझ्या हातात देते आणि चुलीकडं वळते. गावात लोक मला सांगतात, तुझा आजा देवमाणूस, कुणाला कधी वाकडा शब्द बोलला नाही. मी मान हलवतो. तुम्ही वाकडा शब्द बोलला नाहीत हे खरंच आहे. सरळ शब्दही बोलला नाहीत, ते त्यांना ठाऊक नाही.

दर आठवड्याला आपण वस्तीवरून बाजाराला चालत जायचो. बाजाराच्या दिवशी शाळा अर्धीच असायची. मी दप्तर टाकेपर्यंत आईनं भाजी तयार केलेली असायची. पहाटेपासून वाफ्यात बसून ती मेथी उपटायची, मुळांची माती झटकून जुड्या बांधायची, मिरची खुडायची. तुम्ही पाटी डोक्यावर घ्यायचात, माझ्या खांद्यावर तागडी आणि वजनांची पिशवी. पाटाच्या कडेनं दीड कोस. भाजीवर ओलं पोतं असायचं आणि पाटाचा पूल आला की तुम्ही ते पुन्हा भिजवायचात. पोतं भिजवायचं, भाजीवर पाणी मारायचं नाही, असं सांगायचात. फार भिजलेली जुडी गिऱ्हाईक झटकतं आणि मग आपल्यावरचा भरवसाही झटकतं.

त्या वाटेवर तुम्ही मला काय काय शिकवलंत. जुड्या रचताना मुळं आत, पाला बाहेर. तोलण्याआधी रिकामी तागडी वर धरून दोन्ही पारडी सारखी आहेत हे गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्यानं मागितलं नाही तरी. भवानी होईपर्यंत, म्हणजे पहिली विक्री होईपर्यंत, भावावरून ताणायचं नाही. खरं गिऱ्हाईक दुपारनंतर येतं, कारण मजुरांना आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशीच मिळते. दिवस कलला की मिरचीचे वाटे करून द्यायचे, परत घरी न्यायची नाही. आणि जागा. आपली जागा चावडीच्या भिंतीला लागून, पूर्वेच्या अंगाला होती. दोन वाजले की भिंतीची सावली आपल्या पोत्यावर यायची आणि बाजार उठेपर्यंत हलायची नाही. समोरच्या रांगेतली मेथी माना टाकायची, आपली ताजी दिसायची. ती जागा कुठल्या कागदावर नव्हती. पावतीवाला बसेल त्याच्याकडून पैसे घेऊन पावती फाडायचा. जागा बसण्यानं टिकायची. दोन बाजार चुकले तर शेजारचे पोतं टाकून, वर धोंडा ठेवून ती राखायचे. तिसऱ्या बाजाराला कुणी आलं नाही तर जो बसेल त्याची.

आणखी एक गोष्ट शिकवलीत. पाटाच्या पुलावर डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका भेटायच्या, आपल्याशी हसून बोलायच्या. त्या पुढं गेल्या की तुम्ही हळूच म्हणायचात, आपल्या घरातल्या बायका बाजारात बसत नाहीत. कुणाच्या बसतात, कुणाच्या नाही, याची तुमच्याकडं यादीच होती. मी दहा वर्षांचा होतो. मेथीची जुडी आणि ही यादी, दोन्ही मी सारख्याच भक्तिभावानं पाठ केली. मला वाटायचं, हे सगळं प्रेम आहे. प्रेम होतंही बहुतेक. पण त्यातून काय काय शिकवलं जातंय याचा विचार मोठ्या माणसानं करायचा असतो, पोरानं नाही.

वडील गेले आणि दोनच वर्षांत तुमच्या हाताला कंप सुटला. तागडी थरथरायला लागली. गिऱ्हाइकं काट्याकडं संशयानं बघायची, म्हणून तागडी मी धरायला लागलो. मग तुमचा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी चालायचं नाही म्हणून सांगितलं. पहिला बाजार चुकला. दुसराही चुकला. भाजी टेम्पोवाल्याला दिली, त्यानं ती गवत घ्यावं तशी घेतली. तिसऱ्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आई दाराआड उभी राहून म्हणाली, उद्याचा बाजार गेला तर जागा जाईल, मी जाऊन बसते. तुम्ही तंबाखू मळत राहिलात. हो नाही, नको नाही. मी तुमच्याकडं बघत होतो, कारण तुम्ही नाही म्हणणार याची मला खात्री होती. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. आईनं ते हो धरलं. मी नाही धरलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा ती निघून गेली होती. तुम्ही ओट्यावर बसला होतात. मला बघून काठी घेतलीत आणि म्हणालात, चल. सुजलेला गुडघा घेऊन दीड कोस चाललात. पुलावर तीनदा बसलात. एक शब्द नाही. मला वाटलं, आता आईची धडगत नाही.

बाजाराच्या तोंडाशी चहाची टपरी होती, तिथं थांबलात. तिथून चावडीची भिंत दिसायची. आई आपल्या जागेवर बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि एका हातानं तागडी धरून दुसऱ्या हातानं वजन टाकायची धडपड करत होती. पुढं तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग मला म्हणालात,

"जा, आयजवळ बस. तागडी धर तिला. म्या हितंच थांबतो. म्या तितं आलो तर तिला उटावं लागंल. बसू दी तिला."

सासरा समोर आला की सून बसून राहत नाही, उठून उभी राहते, हे आमच्याकडं कुणी शिकवावं लागत नाही. ती बसलेली राहावी म्हणून तुम्ही टपरीपाशी उन्हात उभे राहिलात. आयुष्यभराचा नियम तुम्ही त्या दुपारी मोडलात, तात्या. पण मोडला हे तोंडानं सांगितलं नाहीत. एवढं म्हणाला असतात, की मी चुकत होतो, तुझी आई बसली यात काही वाईट नाही, तर बारा वर्षांच्या पोराला ते कळलं असतं. दीड कोसाच्या वाटेत एवढं म्हणायला तुम्हाला वेळ मिळाला नाही?

मी निघालो. वाटेत माझ्या वर्गातली पोरं भजी खात उभी होती. त्यातला एक, आपल्याच भावकीतला, म्हणाला, "तुजी आय भाजीवाली झाली व्हय रं?" बाकीची हसली. पुढची वीस पावलं मी कशी टाकली आठवत नाही. आईसमोर उभा राहिलो तेव्हा तिनं तागडी माझ्यापुढं केली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिची भवानी झाली होती, अर्ध्या जुड्या संपल्या होत्या. मी तागडी धरली नाही. म्हणालो, "तात्या म्हनत्यात, ऊठ."

"आसं म्हनले?"

"व्हय."

तिनं टपरीकडं पाहिलं. तुम्ही काठी टेकून उभे होतात. तिनं पाहिलं म्हणून तुम्ही हात वर केलात. बस म्हणून केला असेल. इतक्या लांबून, त्या कापणाऱ्या हाताकडं बघून, बस म्हणताय की ऊठ, ते कुणाला कळणार? आई उठली. गिऱ्हाईक जुडी हातात धरून उभंच होतं, त्याच्या हातातली जुडी आईनं परत घेतली. पोतं आवरलं आणि उरलेली भाजी रस्त्यावरच्या टेम्पोत नेऊन ओतली.

घरी येताना आई पुढं होती, रिकामी पाटी घेऊन. तिच्या मागं मी, आणि फार मागं तुम्ही. पुलापाशी मी तुमच्यासाठी थांबलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "का उटली रं ती?" मी म्हणालो, ऊन लागत होतं म्हणाली.

ऊन. चावडीच्या भिंतीखाली, दुपारी तीन वाजता. त्या जागेला सावली किती वाजता येते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत. तुम्हाला कळलं, तात्या. सगळंच नसेल, पण मी खोटं बोलतोय हे तर कळलंच. आणि तुम्ही मिठाची गुळणी धरलीत.

माझा खरा राग इथं आहे. कान पिळायचा होतात माझा. तसंच हाताला धरून मागं न्यायचं होतं, तिच्यासमोर उभं करायचं होतं. भरल्या बाजारातून आई उठून गेलेली शेजाऱ्यांनी पाहिली होती, त्यांनी जागा राखली नाही; पुढच्या बाजाराला आपल्या जागेवर एक कांदा-लसूणवाला बसला, तो बसलाच. आई टेम्पोवाला देईल ते घेत राहिली. मग तेही भागेना, तेव्हा दुसऱ्यांच्या पेरूच्या बागांत खुरपायला गेली, वीस वर्षं. आज तिला गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय उठता येत नाही. तुम्ही पुढं पाच वर्षं जगलात. रोज ती तुमच्यापुढं ताट ठेवायची आणि काही न बोलता निघून जायची. तुम्ही मान खाली घालून जेवायचात. माझं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलंत आणि त्याला माया समजलात. पण त्या मायेची किंमत तुम्ही एकट्यानं मोजली नाही. तिनं मोजली, आणि तिला कुणी विचारलंही नाही. नातू जपलात, सून गमावलीत. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

राग राग करून झाला की मला कळतं, तुम्ही विचारलं असतंत तरी मी खरं सांगितलं नसतं. म्हणून पुन्हा तुमचाच राग येतो, कारण तुम्ही विचारायला नाहीत.

आज दुपारी जेवताना माझ्या लेकीनं आईला विचारलं, आजी, तू कधी बाजारात भाजी विकलीस का? आई म्हणाली, एकदाच बसले होते, तुझ्या पणज्यानं उठवलं. लेक माझ्याकडं वळली. तात्या खरंच असे होते का, म्हणाली. मी भाकरी मोडत हो म्हणालो.

त्यानंतर हे लिहायला बसलो. लिहून झालं की आईला द्यावं असं मनात होतं. पण तिला वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल, आणि ते मला होत नाही.